मदत हवी आहे: तिमाही निकालांच्या इव्हेंट स्टडीत दिवस 0 ला काहीच दिसत नाही

वारणाकाठ

नमस्कार मंडळी. एम.कॉम.च्या प्रकल्पासाठी तिमाही निकाल जाहीर झाले की शेअरच्या भावावर किती परिणाम होतो हे मोजते आहे. निफ्टीतल्या 40 कंपन्या, प्रत्येकीच्या 6 तिमाह्या, म्हणजे एकूण 240 निकाल. निकालाच्या आधीच्या 130 व्या दिवसापासून 11 व्या दिवसापर्यंतचे भाव घेऊन प्रत्येक कंपनीचा अल्फा आणि बीटा काढला. मग AR = R − (α + β·Rm) या सूत्राने निकालाच्या आजूबाजूच्या दिवसांचा अॅबनॉर्मल रिटर्न काढला.

एक उदाहरण देते म्हणजे माझी पद्धत कळेल. एका आयटी कंपनीचा अल्फा 0.02 टक्के, बीटा 1.1. त्या दिवशी निफ्टी 0.8 टक्के खाली होता, म्हणजे शेअर 0.86 टक्के पडणं अपेक्षित होतं. तो चढला 2.6 टक्के. म्हणून अॅबनॉर्मल रिटर्न 3.46 टक्के.

एकेका कंपनीत असे मोठे आकडे दिसतात, पण 240 ची सरासरी काढली की दिवस 0 ला फक्त 0.11 टक्के उरतो आणि टी 0.6 येतो. मार्गदर्शक सर म्हणतात, "परिणाम नाही असंच लिही." पण निकालाच्या दिवशी शेअर हलत नाही हे मला पटत नाही. पुढच्या आठवड्यात मसुदा द्यायचा आहे. कुठे चुकतंय?

पश्या_दादर

ताई, मी गेली चार वर्षं निकालाच्या आदल्या दिवशी शेअर घेतो नि दुसऱ्या दिवशी विकतो. निकाल चांगला लागूनही शेअर पडतो हे शंभर वेळा पाहिलंय. तुमच्या यादीत कोणत्या कंपन्या निकालानंतर हमखास चढतात तेवढं सांगाल का?

वारणाकाठ

दादा, माझा प्रश्न तो नाही, पुढचा भाव सांगता येईल असं माझ्याकडे काही नाही. पण "चांगला निकाल आणि तरी शेअर पडला" हे मलाही दिसलंय.

गणिती_भाचा

सोपं आहे. चांगले आणि वाईट निकाल एकत्र घेतलेत म्हणून अधिक-उणे होऊन शून्य येतंय. दिवस 0 ला जे शेअर चढले ते एका गटात, पडले ते दुसऱ्यात टाका. दोन्हीकडे टी दणदणीत येईल.

जुना_खातेदार

अर्धं बरोबर आहे, भाचेबुवा. गट करायलाच हवेत. पण चढले-पडले यावरून गट केले तर चढलेल्यांची सरासरी वरच येणार, त्यातून काय सिद्ध झालं? निकालाच्या 20 दिवस आधीचा कुठलाही साधा दिवस घेऊन असेच गट करून पाहा, तिथेही टी दणदणीतच येईल. गट करायचे ते भाव न बघता, नफ्याच्या आकड्यावरून.

वारणाकाठ, त्याआधी दोन गोष्टी सांगा. निकालाची तारीख कुठून घेतली? आणि भावाच्या तक्त्याशी ती कशी जोडली?

वारणाकाठ

सर, तारखा बीएसईच्या साइटवरून, बोर्ड मीटिंगच्या रकान्यातल्या. जोडायला VLOOKUP वापरलं. काही तारखा शनिवारच्या होत्या, तिथे एरर येत होती म्हणून शेवटी FALSE ऐवजी TRUE केलं.

जुना_खातेदार

मग घोळ इथेच आहे असं मला वाटतं. बाजार साडेतीनला बंद होतो आणि मोठ्या कंपन्यांचे कितीतरी निकाल त्यानंतर येतात. संध्याकाळी पाच वाजता आलेल्या निकालाचा परिणाम त्या दिवशीच्या बंद भावात असणार कसा? तो दुसऱ्या दिवशी दिसणार. शनिवारचं त्याहून वाईट. एचडीएफसी बँकेचे जून 2024 तिमाहीचे निकाल शनिवारी, 20 जुलैला आले. बाजाराला ते सोमवारी 22 ला कळले. पण VLOOKUP मध्ये TRUE दिलं की तारीख न सापडल्यास ते आधीची तारीख उचलतं, म्हणजे शुक्रवार 19. तुमच्या तक्त्यात निकाल यायच्या आदला दिवसच दिवस 0 झाला.

खात्री करायची तर चिन्ह सोडून द्या, ABS लावा आणि प्रत्येक दिवसाची सरासरी काढा. चांगलं-वाईट मग एकमेकांना खोडत नाही, नुसती हालचाल दिसते. सगळ्यात मोठा आकडा +1 ला आला तर तारखा चुकल्यात असं समजा.

बीएसईवर प्रत्येक घोषणेसोबत ती प्रसारित झाल्याची वेळ असते. ती घ्या. पायथन येत असेल तर असं:

```python
t = pd.to_datetime(df["time"])
d = t.dt.normalize()
late = t.dt.time >= datetime.time(15, 30)
d = d + pd.to_timedelta(late.astype(int), unit="D")
df["day0"] = days[days.searchsorted(d)]
```

`days` म्हणजे बाजार उघडा असलेल्या दिवसांची चढत्या क्रमाची यादी, pd.DatetimeIndex म्हणून. सुट्टी आली की हे पुढचा दिवस घेतं.

वारणाकाठ

सर, तुम्ही म्हणालात तसंच निघालं! ABS ची सरासरी एरवीच्या दिवशी 1.2 टक्के आहे. जुन्या तारखांनी दिवस 0 ला 1.7 आणि +1 ला 2.4 येत होती. दोन रात्री बसून 240 च्या 240 घोषणांच्या वेळा हाताने तपासून तारखा दुरुस्त केल्या. आता दिवस 0 ला 2.8 आणि +1 ला 1.3. वरच्या उदाहरणातल्या आयटी कंपनीचा निकालसुद्धा संध्याकाळचा निघाला, म्हणजे ते 3.46 टक्के निकालामुळे नव्हतेच.

गटांसाठी या तिमाहीच्या ईपीएसमधून मागच्या वर्षीच्या त्याच तिमाहीचा ईपीएस वजा करून शेअरच्या भावाने भागलं. चालेल ना?

जुना_खातेदार

चालेल. बोनस किंवा स्प्लिट झालेल्या कंपन्यांचा जुना ईपीएस त्याच प्रमाणात बदलून घ्या, नाहीतर नफा निम्मा झाल्यासारखा दिसेल.

आणि तुमची टी-टेस्ट 240 निकाल एकमेकांपासून स्वतंत्र मानते. तसे ते नसतात. जून तिमाहीचे निकाल 45 दिवसांत, म्हणजे 14 ऑगस्टपर्यंत द्यावे लागतात, त्यामुळे एकाच दिवशी अनेक कंपन्या येतात. त्यात तीन सिमेंटवाले असतील तर तिघांना एकच वारं लागतं. साधा उपाय असा की एका दिवशीच्या कंपन्यांची सरासरी काढून ती एकच नोंद धरायची, आणि मग टी काढायचा.

रानजाई

मध्येच बोलते. मी स्मॉलकॅपवर हेच केलं होतं. एकेक शेअर दोन-दोन दिवस सर्किटला अडकायचा, त्यामुळे दिवस 0 चा आकडा कापल्यासारखा यायचा. मी शेवटी 0 ते +3 ची बेरीज घेतली. आणखी एक, जुलै 2024 चे निकाल असतील तर तुमच्या 120 दिवसांत 4 जून येतो. त्या दिवशी निफ्टी जवळपास 6 टक्के पडला आणि सरकारी कंपन्या त्याहून कितीतरी जास्त. त्या एका दिवसाने माझे बीटा फुगले होते. मी तो दिवस काढून टाकला.

जुना_खातेदार

काढून टाकण्याबद्दल माझं मत वेगळं आहे. दोन्ही प्रकारे काढून प्रबंधात दोन्ही दाखवावं.

वारणाकाठ

सरकारी कंपन्या माझ्याकडे पाच आहेत, दोन्ही करून बघते. दिवसवार नोंदी केल्यावर 240 च्या 97 झाल्या. नफा वाढलेल्या गटात टी 2.9 वरून 2.1 वर आला, पण तग धरला. नफा घटलेल्या गटात मात्र 1.3 च आहे.

गणिती_भाचा

गटांचं माझं चुकलंच. पण मागच्या वर्षीशी तुलना करणंही मला पटत नाही. जी कंपनी दरवर्षी 15 टक्के वाढतेच, ती 8 टक्के वाढली तर बाजार निराश होणार, आणि तुमच्याकडे ती "चांगल्या" गटात. पश्याभाऊंनी पहिल्याच दिवशी हेच सांगितलं होतं.

जुना_खातेदार

खरंय. विश्लेषकांचे अंदाज मिळाले तर ते वापरावेत, पण ते विकत घ्यावे लागतात. आधीच्या चार तिमाह्यांची सरासरी वाढ वजा करून बघता येईल. त्याने कितपत फरक पडेल हे तुमचा डेटा पाहिल्याशिवाय मी सांगू शकत नाही.

वारणाकाठ

त्यासाठी आणखी एका वर्षाचे ईपीएस लागतील. आज रात्री भरायला घेते. आकडे आले की इथेच टाकते.