मदत हवी आहे: लग्नाच्या जुन्या व्हिडिओतून आजीची एकच फ्रेम काढायचीय

रानजाई
आईबाबांच्या लग्नाची 1994 ची व्हीएचएस कॅसेट, तिची मागे डीव्हीडी करून घेतली होती, ती फाईल आता लॅपटॉपवर आहे. आजीचा हसताना एकही फोटो घरात नाही, पण 14 मिनिटं 32 सेकंदाच्या आसपास अक्षता पडतात तेव्हा ती पदर सावरत वर बघते आणि हसते, जेमतेम अर्धा सेकंद. VLC मध्ये पॉज करून स्नॅपशॉट घेतला तर कधी डोळे मिटलेले, कधी मान वळलेली, आणि जो बरा येतो त्यात पदराच्या काठाला आडव्या रेषा, कंगव्याचे दात असतात ना तशा. काय करू?

पक्या_पुणे
पॉज करून E दाबत जा, एकेक फ्रेम पुढे सरकते, हवी ती आली की Shift+S. रेषांचं म्हणशील तर कॅसेटच खराब झाली असणार, त्याला इलाज नाही.

टेपवाला
E चं बरोबर आहे, पण VLC त तसं एकेक फ्रेम मागे येता येत नाही, सुटली की परत आधीपासून. mpv मध्ये पूर्णविरामाने पुढे, स्वल्पविरामाने मागे.

रेषा मात्र कॅसेटच्या नाहीत. ताई, त्याच फ्रेममध्ये मांडवाचा खांब बघा, तो स्वच्छ असेल आणि फक्त हलणाऱ्या गोष्टींना दात असतील तर व्हिडिओ इंटरलेस्ड आहे. आपल्याकडे सेकंदाला 25 फ्रेम, पण प्रत्येक फ्रेममध्ये दोन अर्धी चित्रं, एकाआड एक ओळीत विणलेली, दोघांत 1/50 सेकंदाचं अंतर. तेवढ्यात हात हलला की दात दिसणारच. ती अर्धी चित्रं सुटी करा:

```
ffmpeg -ss 00:14:31 -i lagna.mpg -t 3 -vf "bwdif=mode=send_field,scale=768:576" aaji_%03d.png
```

तीन सेकंदांचे साधारण 150 फोटो पडतील. वेळ मुद्दाम थोडी आधीची घेतलीय, अशा फाईलीत ती पुढेमागे होते. 768 यासाठी की मूळ 720 रुंदीत चेहरा किंचित चेपलेला येतो.

मीनल_क
माझ्या मुलाच्या बॅटिंगचा व्हिडिओ आहे फोनवरचा, बॅटला बॉल लागतो ती फ्रेम हवीय पण बॅट पुसटच येते, हेच चालेल का?

टेपवाला
नाही हो, ते शटर हळू असल्यामुळे, ती बॅट रेकॉर्ड होतानाच पुसट झालीय. पुढच्या वेळी भर उन्हात स्लो मोशनवर घ्या.

रानजाई
खांब स्वच्छच होता! 150 च्या 150 बघितले, 071 मध्ये डोळे उघडे, पदर हातात, दात गायब. आईला दाखवला तर ती बराच वेळ बोललीच नाही. तळाशी एक फाटल्यासारखी पट्टी आहे ती कापू का? आणि ए4 प्रिंट निघेल?

टेपवाला
पट्टी कापा, ती व्हीएचएसच्या हेडची असते, बहुतेक कॅसेटींत सापडते. ए4 ला चेहरा विरघळेल, 4 बाय 3 इंचापर्यंतच नीट दिसेल.

पक्या_पुणे
स्टुडिओवाले मोठा करून देतात की.

टेपवाला
देतात, पण नाकडोळे अंदाजाने भरलेले असतात. मी माझ्या आजीचा करणार नाही. ताईंनी ठरवावं.