गच्चीचं वॉटरप्रूफिंग: कोटिंग की कोबा?

सोसायटी ग्रुप, १८ मे

माधवीताई, सी-७०२ (सकाळी ८:१२)
सचिवसाहेब, मे अर्धा संपला. हॉलच्या स्लॅबला परत पोपडे आलेत. गेल्या पावसाळ्यात दोन बादल्या ठेवल्या होत्या. यंदा किती ठेवायच्या तेवढं सांगा, आणून ठेवते 🙏

सचिव, बी-६०३ (८:२०)
ताई, दोन्ही कोटेशनं आली आहेत, रविवारच्या सभेत ठरेल. पुन्हा टाकतो. गच्ची ६,००० चौ. फूट.
१) ॲक्रिलिक कोटिंग: ४५ रु. फूट, एकूण २,७०,०००
२) जुना कोबा फोडून नवा विटांचा कोबा, वर चायना मोझॅक: १२० रु. फूट, मलबा उचलण्यासह ७,२०,०००

साठेकाका, बी-३०१ (८:२३)
२,७०,००० कुठे आणि ७,२०,००० कुठे. साडेचार लाख वाचतात. विषय संपला.

खजिनदार, ए-१०२ (८:३१)
काका, कोटिंग ४ वर्षांत जातं, कोबा १२ वर्षं टिकतो. १२ वर्षांत तीन कोटिंग म्हणजे ८,१०,०००. शिवाय दरवर्षी पावसाआधी भेगा भरायचे १०,०००, ते झाले १,२०,०००. एकूण ९,३०,०००. कोब्यात उलट २,१०,००० वाचतात.

रेश्मा, बी-२०४ (८:३३)
दोघांचे मिळून साडेसहा लाख वाचले की. लिफ्ट नवी घेऊ 😄

अनिकेत, ए-५०४ (८:४६)
माफ करा, पण दोन्ही हिशोब चुकलेत. काकांनी ४ वर्षांची सोय आणि १२ वर्षांची सोय एकाच तराजूत घातली. खजिनदारांनी आठव्या वर्षी द्यायचा रुपया आजच्या रुपयाएवढा धरला. आपला सिंकिंग फंड ७ टक्क्यांच्या एफडीत आहे. आज त्यात १,५७,००० राहू दिले तर आठव्या वर्षी त्याचे २,७०,००० होतात. म्हणजे तिसरं कोटिंग आजच्या हिशोबाने १,५७,००० चंच आहे.

साठेकाका, बी-३०१ (८:४८)
मी तेच म्हणतोय. कोटिंग स्वस्त.

अनिकेत, ए-५०४ (८:५७)
तेच नाही काका 🙂 कोरडी गच्ची भाड्याने घेतली असं समजा. दोन्ही पर्यायांचं वार्षिक भाडं किती पडतं ते काढायचं. याला इक्विव्हॅलंट ॲन्युअल ॲन्युइटी म्हणतात. एक्सेलमध्ये:

```
=-PMT(7%,4,270000)+10000
=-PMT(7%,12,720000)
```

कोटिंग वर्षाला ८९,७१२, कोबा ९०,६४९. फरक ९३७ रुपये. खजिनदारांचे दोन लाख आणि काकांचे साडेचार लाख, दोन्ही गायब.

रेश्मा, बी-२०४ (८:५९)
लिफ्ट रद्द 😔

खजिनदार, ए-१०२ (९:०४)
पीएमटीतून काहीही काढता येतं. सभासदांना रोख कधी किती जाणार ते कळलं पाहिजे.

अनिकेत, ए-५०४ (९:१५)
मग रिप्लेसमेंट चेन करू. ४ आणि १२ चा लसावि १२, म्हणजे १२ वर्षांत तीन कोटिंगला एक कोबा. कोटिंगचा खर्च आज, चौथ्या आणि आठव्या वर्षाअखेर. आजच्या किमतीत २,७०,००० + २,०५,९८२ + १,५७,१४२, आणि भेगा भरण्याचे बारा वर्षांचे ७९,४२७. बेरीज ७,१२,५५१. कोबा ७,२०,०००. फरक ७,४४९, तो १२ वर्षांवर ७ टक्क्यांनी पसरला की पुन्हा तेच वर्षाला ९३७-९३८. कोटिंग पुन्हा पुन्हा त्याच दराने होईल असं धरलं तर दोन्ही रीतींचं उत्तर एकच यायला हवं. नाही आलं तर कुठेतरी चूक आहे.

साठेकाका, बी-३०१ (९:१८)
२,७०,००० विरुद्ध ७,२०,०००. परत एकदा सांगतो.

खजिनदार, ए-१०२ (९:२२)
"त्याच दराने" हीच मेख आहे. चार वर्षांपूर्वीचा रंगकामाचा दर आणि आत्ताचा दर ऑफिसातल्या फाइलमध्ये आहेत, कुणीही येऊन बघावं.

अनिकेत, ए-५०४ (९:३४)
बरोबर, हा मुद्दा मान्य. एफडीच्या ७ टक्क्यांत महागाई धरलेली असते, पण मी पुढच्या कोटिंगला आजचाच दर लावला. दर वर्षाला ६ टक्क्यांनी चढला तर दुसरं कोटिंग ३,४१,००० ला आणि तिसरं ४,३०,००० ला पडेल. आजच्या किमतीत ते साधारण २,६०,००० आणि २,५०,०००. तिन्ही कोटिंग आणि भेगा मिळून ८,६०,००० (भेगांचे १०,००० तसेच ठेवलेत, कोटिंगवर मेहेरबानी म्हणून). कोबा ७,२०,०००. आता कोबा १,४०,००० नी स्वस्त.

ॲन्युइटीच काढायची तर व्याजातून महागाई वजा करून काढा:

```
=-PMT(1.07/1.06-1,4,270000)+10000
=-PMT(1.07/1.06-1,12,720000)
```

७९,१०० आणि ६३,७००, आजच्या रुपयात. इथे भेगांचा खर्चही महागाईने वाढतो. ७ टक्के आणि आजचा दर एकत्र लावले की वारंवार करायचा पर्याय खोटाच स्वस्त दिसतो.

खजिनदार, ए-१०२ (९:३६)
म्हणजे माझं उत्तर बरोबर होतं.

अनिकेत, ए-५०४ (९:३७)
उत्तर बरोबर, कारण चूक.

सचिव, बी-६०३ (९:३९)
कृपया वैयक्तिक टिप्पणी नको 🙏

कुलकर्णीसर, सी-४०१ (९:५२)
४ आणि १२ हे आकडे कुणी दिले? ठेकेदाराची गॅरंटी म्हणजे आयुष्य नव्हे. आपल्या गच्चीवर टाकीच्या बाजूला पाणी साचतं. सतत ओल्या राहणाऱ्या जागी ॲक्रिलिक मऊ पडतं आणि फुगून सुटतं. वर सोलर हीटरचे स्टँड, डिशच्या वायरी, माणसांची ये-जा. कोटिंगला ३ धरा. कोबाही १२ वर्षं आपोआप टिकत नाही. उतार साधारण १०० ला १ हवा, कठड्याच्या पायथ्याशी गोल वाटा हव्यात, आठवडाभर पाणी साठवून क्युरिंग हवं. ताब्यात घेण्याआधी ७२ तास पाणी भरून खालच्या घरांची छतं तपासा. नाहीतर तोही ८-९ वर्षांत गळायला लागतो.

अनिकेत, ए-५०४ (१०:०३)
सरांचे आकडे त्याच सूत्रात घातले. कोटिंग ३ वर्षं टिकलं तर वर्षाला १,०१,७००, ४ वर्षं तर ७९,१००, ५ वर्षं तर ६५,५००. कोबा १२ वर्षं टिकला तर ६३,७००, ९ वर्षं तर ८३,८००. म्हणजे ४ वर्षांचं चांगलं कोटिंग ९ वर्षांच्या वाईट कोब्याला हरवतं. व्याजदरावर भांडण्यापेक्षा आयुष्यावर भांडू.

रेश्मा, बी-२०४ (१०:०५)
आयुष्यावर भांडायचं तर गच्चीवरच्या कुंड्यांचा विषय निघणार 👀

ए-७०१ (१०:०६)
कुणाला उद्देशून?

माधवीताई, सी-७०२ (१०:०७)
वीस कुंड्या आहेत. रोज पाणी घालता, ते माझ्या हॉलवर उतरतं.

ए-७०१ (१०:०९)
तुमचा ओलावा टाकीच्या बाजूचा आहे. माझ्या कुंड्या जिन्याकडे आहेत. मोजून बघा.

कुलकर्णीसर, सी-४०१ (१०:१४)
दोघांनीही ऐका. स्लॅबवरचं पाणी कोब्याखालून सरकत जातं. ते जिथे शिरतं तिथेच टपकतं असं नाही. कुंडीखालचा ओलसर गोल कोटिंगला पहिल्यांदा खातो. कोणताही पर्याय निवडा, कुंड्या खाली.

साठेकाका, बी-३०१ (१०:१६)
कुंड्या हलवायला शून्य रुपये. कोटिंग २,७०,०००. कोबा ७,२०,०००.

सी-१०३ (१०:२८)
एक शंका. रीडेव्हलपमेंटचं काय? इमारत २८ वर्षांची. डेव्हलपर आला तर ७,२०,००० चा कोबा मशीनने फुटणार.

अनिकेत, ए-५०४ (१०:४१)
हाच खरा प्रश्न आहे. दोन्ही रीती असं धरतात की काम संपलं की तेच पुन्हा करायचं, आणि इमारत शेवटपर्यंत उभी आहे. ८ व्या वर्षी इमारत पाडली तर साखळी तिथेच तुटते. मग ॲन्युइटी विसरा, ८ वर्षांचा रोख हिशोब मांडा. वाढलेल्या दराने दोन कोटिंग ५,३०,०००, भेगा जवळपास ६०,०००, एकूण ५,९०,०००. कोबा ७,२०,०००, आणि उरलेल्या चार वर्षांचं मोल शून्य, कारण कोबा उचलून विकता येत नाही. इथे कोटिंग १,३०,००० नी स्वस्त.

खजिनदार, ए-१०२ (१०:४४)
आणि ९ वर्षं उभी राहिली तर?

अनिकेत, ए-५०४ (१०:४९)
मग तिसरं कोटिंग करावं लागेल आणि आजच्या किमतीतला खर्च ८,४५,००० वर जाईल. सगळा निर्णय आठव्या पावसाळ्यावर टांगलेला आहे. अर्थात पाडायच्या आदल्या वर्षी कुणी पूर्ण कोटिंग करत नाही, ठिगळ लावतात. तेव्हा ९ वर्षांचा आकडा थोडा सैल समजा.

साठेकाका, बी-३०१ (१०:५०)
म्हणजे कोटिंग. सकाळपासून सांगतोय.

खजिनदार, ए-१०२ (१०:५३)
काका, ८ वर्षांत पाडली *तर*. ७९(अ) च्या प्रक्रियेत सल्लागार नेमायचा, निविदा काढायच्या, सभासदांची लेखी संमती घ्यायची. आपल्याकडे पार्किंगचे पट्टे मारायला दोन सभा लागल्या.

रेश्मा, बी-२०४ (१०:५४)
अडीच. एक कोरमअभावी तहकूब.

कुलकर्णीसर, सी-४०१ (११:०२)
आणखी एक. जुन्या कोब्यावर नवा कोबा असं स्वस्त कोटेशन कुणी आणलं तर घेऊ नका. चार इंच कोब्याचं वजन चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास असतं. आपल्या गच्चीवर ते शंभर टनांच्या वर जाईल. जुना थर काढल्याशिवाय नवा नाही. आणि आत्ता १८ मे ला तो फोडायला घेतला तर जूनमध्ये स्लॅब उघडा पडलेला असेल. कोब्याचं काम दिवाळीनंतरच.

माधवीताई, सी-७०२ (११:०४)
म्हणजे यंदाही बादल्या. धन्यवाद.

सचिव, बी-६०३ (११:१५)
ताई, या वर्षापुरती टाकीच्या बाजूला ताडपत्री आणि भेगा भरणं, उद्याच माणूस बोलावतो. रविवारच्या सभेत विषय क्र. १: इमारत ८ वर्षांपलीकडे वापरायची का, हात वर करून मत. विषय क्र. २: त्यानुसार कोटिंग की कोबा. अनिकेत, १२ वर्षांचा आणि ८ वर्षांचा, असे दोन्ही तक्ते एका पानावर छापून आण. ए-७०१, कुंड्या शनिवारपर्यंत खाली.

साठेकाका, बी-३०१ (११:१६)
छापताना वर मोठ्या अक्षरात २,७०,००० आणि ७,२०,००० लिही.

ए-७०१ (११:२१)
मोगऱ्याला आत्ताच कळ्या आल्यात. जूनपर्यंत राहू द्या ना.