मदत हवी आहे: पुढच्या कातडीखाली पांढरा थर आणि कुबट वास

काठावरचा: वय ४१. लिंगाची पुढची कातडी मागे घेतली की खोबणीत पनीरच्या चुऱ्यासारखा पांढरा मळ दिसतो, वासही येतो. महिनाभर दिवसातून तीनदा साबणाने धुतोय. मळ कमी झाला, पण आता बोंडावर लाली आहे, खाज सुटते आणि कातडीच्या कडेला बारीक चिरा पडल्यात. चिरांना लघवी लागली की झोंबतं. बायकोला सांगायची लाज वाटते.

रानवारा: ही धात जाते आहे. गरम पदार्थ बंद करा.

जुना_कंपाउंडर: धातीचा संबंध नाही हो. मेलेली त्वचा, तेलकटपणा आणि ओल साचून हा मळ होतो, सगळ्यांनाच होतो. पाण्यात डेटॉल घालून धुवा, वास जाईल.

डॉ_त्वचा: मळाबद्दल बरोबर, डेटॉल मात्र नको. त्याने आणि साबणाने तिथली नाजूक त्वचा भाजल्यासारखी होते. अर्धी लाली साबणाचीच असू शकेल. दिवसातून एकदा, आंघोळीच्या वेळी, कातडी सहज जाईल तेवढीच मागे घ्या, कोमट पाण्याने खोबणी बोटाने हलकेच धुवा, टिपून कोरडं करा आणि कातडी आठवणीने पुढे आणा. मागेच राहिली तर सूज येऊन अडकते, मग थेट इस्पितळ गाठावं लागतं.

नुसता मळ असेल तर पाण्याने निघतो, खालची त्वचा नेहमीसारखी असते, दुखत नाही. तुमच्याकडे खाज, लाली, चिरा तिन्ही आहेत, म्हणजे बुरशीची शक्यता मोठी. चाळिशीत अशा चिरा दिसल्या की मी आधी साखर तपासायला सांगते. लघवीतली साखर कातडीखाली राहते आणि बुरशीचं फावतं.

सातारकर७२: माझं तसंच झालं. मधुमेहावरची डापाग्लिफ्लोझिन सुरू केली आणि दोन महिन्यांत खाज. दुकानदाराने दिलेल्या ट्यूबने चार दिवस बरं वाटलं, मग दुप्पट.

डॉ_त्वचा: ते औषध साखर लघवीवाटे बाहेर काढतं, म्हणून हा त्रास होतो. पण मनाने बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. आणि त्या ट्यूबमध्ये बहुधा स्टिरॉइड मिसळलेलं असणार. लाली दबते, बुरशी वाढते.

काठावरचा: उपाशीपोटी साखर १६२ निघाली. घरात कुणालाच मधुमेह नाही! डॉक्टरांनी तपासून बुरशीवरचं साधं क्लोट्रिमाझोल मलम दिवसातून दोनदा लावायला दिलंय, आणि तीन महिन्यांची सरासरी साखर कळणारी एचबीए१सी तपासणी करायला सांगितलंय. बायकोलाही खाज आहे, हे काल विचारल्यावर कळलं.

डॉ_त्वचा: मग त्यांनाही दाखवा, नाहीतर एकमेकांकडून परत येईल. पू, ताप, लघवी अडणं किंवा न भरणारा फोड दिसला तर थांबू नका.

जुना_कंपाउंडर: सुंता करून टाकली तर कटकटच संपेल ना?

काठावरचा: तेच विचारलं. आधी साखर आटोक्यात येऊ दे, म्हणाले. दहा दिवस झाले, खाज गेली, पण एक चीर अजून भरलेली नाही. कातडी मागे घेताना आधीपेक्षा घट्ट वाटते. हे कुणाला झालंय का?