मदत हवी आहे: अष्टाक्षरीतली एक ओळ अडली

गोदाकाठी सांजवेळी
ओठी येते एक धून
नाव तिचे विचारता
जाते दूर ओसरून

शब्द नाही, राग नाही
तरी मनात घुमते
तवा तापे, पोळी फुगे
तीच लय पुन्हा येते

नमस्कार मंडळी, मी नाशिकची. सहावी ओळ बघाल का? अक्षरं आठच भरतात, पण चालीत म्हणताना चौथ्या अक्षरावर थांबलं की ‘मनात’ मधोमध तुटतो: ‘तरी मना – त घुमते’. बाकी सगळ्या ओळी चार-चारवर स्वच्छ थांबतात. ‘मनामध्ये तरी घुमे’ केलं तर यती सुधारते, पण ‘येते’शी यमक जातं, आणि मला ते यमक हवंच आहे. चार-चार अक्षरांची, शेवटी ‘ते’ येणारी ओळ सुचवाल का? अर्थ थोडा बदलला तरी चालेल, फक्त धुनीला नाव मिळायला नको.