'सुवाहक' म्हणजे नेमकं कशाचा? (हिऱ्यावरून निघालेली शंका)

खानापूरच्या बाई
मी मराठी माध्यमाच्या शाळेत आठवीला विज्ञान शिकवते. परवा फळ्यावर लिहिलं, "धातू सुवाहक, अधातू दुर्वाहक." मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "बाई, मग हिरा?" मी म्हटलं, हिरा म्हणजे कार्बन, अधातू, तेव्हा दुर्वाहक. ती म्हणाली, "आमच्या पप्पांच्या पेढीवर हिरा ओळखायचं मशीन आहे. ते म्हणतात हिरा उष्णता सगळ्यात लवकर ओढतो, म्हणून मशीन वाजतं." मला उत्तर सुचलं नाही. घरी येऊन वाचलं तर मुलगी बरोबर आणि फळा चूक.
माझी शंका शब्दाची आहे. नुसतं "सुवाहक" म्हणणं बरोबर आहे का? आणि एकच पदार्थ उष्णता धाडधाड नेतो पण वीज अजिबात नेत नाही, तर दोन्हीकडे "वाहणे" हे एकच क्रियापद चालेल का?

चिकोडीकर
बाई, वाहक म्हणजे बसचा कंडक्टर. महाराष्ट्राच्या एस.टी.त "चालक-वाहक" लिहिलेलं असतं. आमच्याकडच्या बसमध्ये कन्नडात "निर्वाहक" लिहितात. तो माणसांना नेत नाही, नेतो ड्रायव्हर. हा फक्त तिकीट फाडतो. त्यामुळे शब्द मुळातच चुकलाय असं माझं मत.

खानापूरच्या बाई
दादा, मी पदार्थांबद्दल विचारतेय.

चिकोडीकर
होय काय, घाईत वाचलं. पण मग एक सांगतो. मी कन्नड शाळेत शिकलो. आम्हाला "वाहक" आणि "अवाहक" असे शब्द होते. तुमच्या दुर्वाहकासारखा "वाईट नेणारा" नाही, सरळ "न नेणारा".

उद्यमबागवाला
माझी फाउंड्री आहे, तांब्या-पितळेचं काम रोज हातात असतं. बाई, यात घोळ काही नाही. उष्णता नेतात इलेक्ट्रॉन, वीजही नेतात इलेक्ट्रॉन. म्हणून जो एकात चांगला तो दुसऱ्यात चांगला. तांब्यात जस्त घालून पितळ केलं की वीज नेणं साडेतीन पटीनं पडतं, आणि उष्णता नेणंही जवळपास तेवढंच पडतं. उष्णता नेण्याचा आकडा वॅट प्रति मीटर-केल्विनमध्ये तांब्याचा चारशेच्या घरात, पितळेचा एकशेवीसच्या आसपास. आम्ही वीज मोजतो आणि त्यावरून उष्णतेचा अंदाज बांधतो, कधी फसलो नाही. हिऱ्यातही थोडे मोकळे इलेक्ट्रॉन असणारच, नाहीतर उष्णता जाईल कशी?

निपाणीचे मास्तर
भाऊ, तुमचा अनुभव सोळा आणे खरा, पण तो धातूंपुरता. १८५३ साली विडेमन आणि फ्रान्झ या दोघांनी हेच मांडलं: ठरावीक तापमानाला धातूंचं उष्णता नेणं आणि वीज नेणं यांचं गुणोत्तर जवळपास एकच असतं. त्याच नियमानं आपण दोन पदार्थ तपासू.
आधी जेवणाच्या ताटाचं स्टेनलेस स्टील. ते वीज तांब्याच्या साधारण चाळीसाव्या हिश्शानं नेतं. तुमच्या हिशेबानं उष्णतेचा आकडा चारशे भागिले चाळीस, म्हणजे दहा यायला हवा. मोजला तर पंधराच्या आसपास भरतो. वरचे पाच कुणी नेले? इलेक्ट्रॉन तर दहातच संपले.
आता हिरा. तांबं आणि हिरा यांच्या वीज नेण्यातला फरक एकावर अठरा शून्यं किंवा त्याहूनही जास्त पटीचा आहे. चारशेला एवढ्या मोठ्या आकड्यानं भागलं तर हातात काहीच उरत नाही. पण चांगल्या हिऱ्याचा उष्णतेचा आकडा दोन हजारांच्या वर जातो, तांब्याच्या पाचपट. म्हणजे हिऱ्यात जवळजवळ सगळी उष्णता "वरच्या पाच"वाल्यांनीच नेली. ते कोण, तर अणूंच्या जाळीची थरथर.

उद्यमबागवाला
स्टीलचा हिशेब पटला, तो आजवर कधी केला नव्हता. पण थरथर नेते म्हणजे काय? अणू तर जागचे हलत नाहीत.

खानापूरच्या बाई
हे मला दिसतंय असं वाटतं, चुकलं तर सांगा. आमच्याकडे पावसाआधी कौलं परततात. शिडीपासून अंगणापर्यंत माणसं उभी राहतात आणि कौल हातोहात खाली येतं. जागचं कुणी हलत नाही, तरी छपरावरचं कौल अंगणात पोचतं. धातूत मात्र माणूस स्वतः डोक्यावर पाटी घेऊन पळतो. तसंच ना?

निपाणीचे मास्तर
बाई, दाखला छान आहे. त्यात दोन दुरुस्त्या करतो.
पहिली धातूची. सळई एका टोकाला तापवली तर इलेक्ट्रॉन त्या टोकाकडून सगळेच निघून जात नाहीत. तापलेले इकडून तिकडे जातात, तेवढेच थंड तिकडून इकडे येतात. पाट्या भरून जाणारे आणि रिकाम्या घेऊन परतणारे सारखेच. म्हणून उष्णता जाते, पण सळईत करंट वाहत राहत नाही.
दुसरी हिऱ्याची. तिथे कौल प्रत्येक हातात थांबत नाही. थरथर ही लाट आहे, ती हजाराहून जास्त अणू ओलांडून मग कुठेतरी अडखळते. कार्बनचा अणू हलका, आणि चारी बाजूंनी घट्ट बांधलेला. हलकी वस्तू आणि ताठ दोरी असली की लाट वेगानं धावते. हिऱ्यात आवाज सेकंदाला अठरा किलोमीटरच्या आसपास जातो, तांब्यात पाचच्याही आत.
पण वेग ही निम्मी गोष्ट झाली. लाट अडखळते ती मुख्यतः दुसऱ्या लाटांवर आपटून, आणि उष्णतेला खरी खीळ घालणारी टक्कर व्हायला जोरकस, उंच सुराच्या लाटा जाग्या असाव्या लागतात. हिऱ्याची जाळी इतकी ताठ की घरातल्या तापमानाला त्या बहुतेक झोपलेल्याच असतात. शिशात अणू जड आणि बांधणी सैल, तिथे सगळ्या लाटा जाग्या आणि एकमेकींवर आदळणाऱ्या. काचेत बांधणी घट्ट असते पण अणू अस्ताव्यस्त उभे, म्हणून लाट चार पावलांतच विरते. काचेचा आकडा एकच्या आसपास.

खानापूरच्या बाई
आणि वीज का नाही? तेच घट्ट बांधलेले अणू म्हणून का?

निपाणीचे मास्तर
हो, तेच कारण. कार्बनचे चारही बाहेरचे इलेक्ट्रॉन त्या बांधणीतच खर्ची पडले आहेत. एकाला सोडवायला साडेपाच इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात, आणि घरातल्या उष्णतेकडून मिळतो त्याचा चाळिसावा भाग. चाळिसावा म्हणजे साडेपाचचा नव्हे हं, एका इलेक्ट्रॉन-व्होल्टचा. जी बांधणी जाळी ताठ करून उष्णतेला वाट देते, तीच इलेक्ट्रॉन धरून ठेवून विजेची वाट बंद करते.

शहापूरचा सराफ
मशीनचा विषय निघालाय म्हणून लिहितो. पेनासारखं असतं, टोकाला तांब्याची बारीक तापलेली सुई. खड्याला टेकवली की टोक किती झटकन थंड पडतं ते बघून मशीन सांगतं. अमेरिकन डायमंडला काटा हलतही नाही, हिऱ्याला पूर्ण चढतो. खडा हातात धरून गरम झाला असेल तर थोडा वेळ खाली ठेवतो, नाहीतर चुकीचं दाखवतं. सुई सोन्याच्या कोंदणाला लागली तर तेही उष्णता ओढतं, ते वेगळं.
पण माझी तक्रार अशी की याच मशीननं मला फसवलं. मोजानाइटची अंगठी हिरा म्हणून घेतली, काटा पूर्ण चढला होता. मशीन खराब की माझं नशीब?

निपाणीचे मास्तर
सराफकाका, मशीन खराब नाही. मोजानाइट म्हणजे सिलिकॉन आणि कार्बन, तोही हलक्या अणूंचा आणि ताठ जाळीचा. हिऱ्याइतका नसला तरी उष्णता भरपूर नेतो, आणि मशीनला "भरपूर" एवढंच कळतं. म्हणून दुसरं मशीन वीज तपासतं: बऱ्याच मोजानाइटमधून थोडी वीज जाते, हिऱ्यातून नाही. त्यातही दोन पळवाटा आहेत. काही मोजानाइट वीज इतकी कमी नेतात की सुटून जातात. आणि बोरॉनमुळे निळा झालेला अस्सल हिरा थोडी वीज नेतो, त्याला मशीन खोटा ठरवेल. भिंगातून तिरकं बघा, मोजानाइटच्या मागच्या कडा दुहेरी दिसतात. प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा मात्र या कुठल्याच परीक्षेत वेगळा पडणार नाही, कारण तो हिराच आहे.

शहापूरचा सराफ
कडा दुहेरी दिसतात, हे मला सुरुवातीलाच कुणी सांगायला हवं होतं.

चिकोडीकर
मग माझा "अवाहक" हिऱ्याला विजेपुरता बसला की!

निपाणीचे मास्तर
बसला. आणि इथेच बाईंच्या मूळ शंकेचं उत्तर सापडतं असं मला वाटतं. विजेत चांगला आणि वाईट यांच्यातला फरक अठरा-वीस शून्यांचा, म्हणून तिथे "रोधक" किंवा "अवाहक" असा दार बंद करणारा शब्द खरा ठरतो. उष्णतेत हिरा दोन हजारांवर आणि स्थिर हवा शून्य पूर्णांक शून्य दोन पाच, म्हणजे फरक जेमतेम लाखभर पटीचा. उष्णतेला पूर्ण अडवणारा पदार्थ नाहीच, म्हणून तिथे "दुर्वाहक". पुस्तकं दोन्हीकडे दुर्वाहक लिहितात, ते मला खटकतं.

खानापूरच्या बाई
हे पटलं. क्रियापदाचं मात्र अजून टोचतंय. आपल्याकडे नदीही वाहते आणि हमाल ओझंही वाहतो. "उष्णता वाहते" म्हटलं की मुलांना पाण्यासारखं काहीतरी सरकताना दिसतं. हिऱ्यात तर काहीच सरकत नाही. "हिरा उष्णता हातोहात पोचवतो" असं मी सांगणार आहे.

उद्यमबागवाला
बोलताना चालेल, पण परीक्षेत मूल "हातोहात" लिहून आलं तर तपासणारा गुण देईल काय?

निपाणीचे मास्तर
"वहन"च ठेवा, फक्त "कशाचं" आणि "कुणाकडून" हे दोन शब्द जोडा. थरथरीच्या कणाला मात्र "फोनॉन"शिवाय चांगला मराठी शब्द मला आजवर सापडलेला नाही.

चिकोडीकर
"थरारकण"?

निपाणीचे मास्तर
कानाला बरा लागतोय. दोन दिवस वापरून बघतो.

उद्यमबागवाला
बाई, तांबं, पितळ आणि स्टेनलेसच्या एकाच जाडीच्या तीन सळया कापून पाठवतो. मेणानं टाचण्या चिकटवा, कुणाची आधी पडते ते मुलांना दिसेल.

निपाणीचे मास्तर
आधी कुठली पडते ते मोजू नका. सुरुवातीचा वेग सळई स्वतः तापायला किती उष्णता खाते यावरही ठरतो. टाचण्या पडायच्या थांबल्या की मेण कुठवर वितळलं ते मोजा. आणि तिन्ही सळया एकाच भांड्यातल्या उकळत्या पाण्यात बुडवा, मेणबत्तीच्या ज्योतीवर धरू नका, नाहीतर तिन्ही टोकं सारखी तापणार नाहीत.