लॅब्राडॉरच्या पिल्लाला वरून कॅल्शियम द्यायचं की नाही?

गावठाण: नवख्या श्वानपालकांसाठीच्या त्या व्हिडिओत डॉक्टर सांगतात, पिल्लाला वरून कॅल्शियम देऊ नका. काहीही! आमच्याकडे अंड्याच्या टरफलाची पूड कायम देतात. लॅब तीन महिन्यांचा आहे, दहा किलोचा, पाकिटातलं पपी फूड खातो. पूड बंद केली तर हाडं भरणार कशी?

रानवारा: पाकिटातल्या खाण्यानेच भरतील. दिवसाला 250 ग्रॅम खात असेल आणि पाकिटावर कॅल्शियम 1.2 टक्के असेल, तर 3 ग्रॅम मिळतंय, तेवढं त्याला पुरतं. चमचाभर पुडीत आणखी जवळपास 2 ग्रॅम असतं. मोठ्या जातीच्या पिल्लाला हजार कॅलरीमागे साडेचार ग्रॅम ही वरची मर्यादा, आणि 250 ग्रॅममध्ये हजारही कॅलरी नसतात. इतक्या लहान पिल्लाच्या आतड्याला जादाचं कॅल्शियम नीट अडवता येत नाही. मग कूर्चेचं हाड वेळेवर होत नाही आणि पुढचे पाय वाकतात.

दूधपोळी_झिंदाबाद: म्हणून पाकीटच नको. दूध-पोळी द्या, दुधात कॅल्शियम असतंच.

रानवारा: असतं, पण किती? पाव लिटर गाईच्या दुधात 300 मिलिग्रॅम. गरजेचा दहावा हिस्सा!

दूधपोळी_झिंदाबाद: गल्लीतली कुत्री शिळ्या पोळीवर जगतात. त्यांचे पाय सरळच असतात.

कोकणकडा: जगली तेवढीच तुम्हाला दिसतात. शिवाय ती कचऱ्यातली हाडं चघळतात. तुमचं पिल्लू फरशीवर बसून फक्त पोळी खातं. नुसत्या दूध-पोळीवर किंवा बिनहाडाच्या चिकन-भातावर वाढलेल्या पिल्लाचं शरीर स्वतःच्याच हाडांतून कॅल्शियम ओढतं. सोफ्यावरून उडी मारली तरी हाड मोडतं. व्हिडिओवाल्यांनी हे सांगायलाच हवं होतं. सरसकट ‘कॅल्शियम नको’ ऐकून घरचं जेवण देणारेही पूड बंद करतील.

रानवारा: हे मान्य करावं लागेल. सूचना तयार खाणं देणाऱ्यांसाठी आहे, तसं स्पष्ट म्हणायला हवं होतं.

गावठाण: आमचा परवापासून पुढच्या पायाने लंगडतोय. म्हणजे कॅल्शियम कमीच पडतंय ना?

कोकणकडा: अहो, नेमकं इथेच चुकतं! डॉक्टरांचा इशारा याबद्दलच होता. कमी पडलं तरी लंगडतं, जास्त झालं तरी लंगडतं. मनगट सुजलंय का, पंजे बाहेर वळलेत का ते बघा आणि आधी एक्स-रे काढा. पूड आजपासून बंद. डॉक्टरांकडे जाताना पाकीट आणि पुडीचा चमचा दोन्ही न्या, त्यांना हिशेब करता येईल.

दूधपोळी_झिंदाबाद: ठीक आहे, नुसतं दूध कमी पडतं हे मानलं. पण अर्धं पाकीट, अर्धं घरचं देणाऱ्यांनी काय करायचं?

रानवारा: घरच्या वाट्याला बिनहाडाचं चिकन असेल तर थोडी पूड लागेल. किती, ते दोन्हींची वजनं कळल्याशिवाय मी सांगणार नाही.

दूधपोळी_झिंदाबाद: वजनं उद्या टाकतो. पोळी मात्र बंद करणार नाही.