जुळ्यांचं बारसं: पत्रिकेत काय लिहावं?

घोडबंदरवाली:
बहिणीला जुळं झालंय, मुलगा आणि मुलगी. जन्माची बातमी आणि बारशाचं आमंत्रण एकाच पत्रिकेत द्यायचंय. एका बाजूला मराठी, दुसरीकडे परदेशातल्या भावंडांसाठी इंग्रजी. मराठीत लिहिलं, 'बाळांची नावे ठेवण्याच्या समारंभास अगत्य यावे.' मामा म्हणाला, नावं ठेवायला आपल्या नातेवाइकांना आमंत्रण लागतं होय! इंग्रजीत 'ट्वेल्थ डे सेरेमनी' लिहिलं, तर आत्या दचकली, 'अगं, हे बाराव्याचं वाटतंय.' त्यात बाळं काचेच्या पेटीत होती, म्हणून कार्यक्रम दीड महिन्यानं आहे.

शुद्धमती:
बारसं बाराव्या दिवशीच. नंतर करता ते नामकरण. तसंच छापा.

नौपाड्याचे काका:
शुद्धमतीताई, 'बारा'वरून बारसं हे खरं. सोयर दहा दिवसांचं, ते फिटल्यावर बाराव्याला पाळणा. पण पुस्तकाचं बारसं करताना दिवस कोण मोजतो? 'तुझ्या बारशाला जेवलोय' म्हणणाराही तारीख सांगत नाही. मराठीत बारसंच ठेवा. इंग्रजीत मात्र आकडा नकोच. आत्याबाई बरोबर आहेत, आपल्याकडे दहावा, बारावा, तेरावा हे शब्द कुठल्या पत्रात येतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. 'नेमिंग सेरेमनी' पुरे.
आणि मामांची गंमत अर्धीच खरी. मुलाचं नाव ठेवलं म्हणजे बारसं झालं, मुलाला नावं ठेवली म्हणजे खोड काढली. तुमच्या वाक्यात 'बाळांची' आहे, 'बाळांना' नाही.

कोपरीकर:
काका, हे काही पटलं नाही. आमच्या घरी सर्रास 'बाळाला काय नाव ठेवलं?' असंच विचारतात. खोड कुणी काढत नाही.

नौपाड्याचे काका:
तिथं एकवचन आहे ना!

कोपरीकर:
मग 'नाव ठेवायला जागा नाही' यात काय आहे?

ऐरोलीची आई:
नाव लवकर ठरवा. आमचं ठरेना म्हणून दाखला बिननावाचा घेतला. शेजारीण म्हणाली, 21 दिवसांत नाव नाही दिलं तर दंड.

नौपाड्याचे काका:
21 दिवस जन्म नोंदवायचे. नाव नोंदणीनंतर 12 महिन्यांत विनाशुल्क घालता येतं, पुढे शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत. पण इंग्रजी स्पेलिंग आत्ताच पक्कं करा. बारशानंतर फोटोंखाली एक आणि दाखल्यावर दुसरं झालं, की पासपोर्टाच्या वेळी डोकेदुखी.

शुद्धमती:
म्हणजे नामकरण लिहायचं नाही?

घोडबंदरवाली:
'जुळ्यांचे बारसे' एवढंच लिहिते, ठेवण्याची भानगडच नको. आता सासरकडून विचारणा आलीय, आत्या एकच आहे, तर आधी कुणाच्या कानात कुर्र करायचं?

कोपरीकर:
मुलीच्या. ती मोठी असेल तर.

शुद्धमती:
आणि धाकटी असली तर?